चार फेकींत एकदा तरी सहा: नसलेलं मोजून असलेलं काढायचं

एक फासा चार वेळा टाकायचा आहे. त्यात निदान एकदा सहाचं दान पडण्याची शक्यता किती? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, एका फेकीला १/६, म्हणून चार फेकींना ४/६, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के. हे चुकीचं आहे, आणि ते ताडून पाहायला फार काही लागत नाही. याच हिशेबाने सहा फेकींत सहा पडणं अगदी खात्रीचं ठरेल आणि सात फेकींना शक्यता ७/६ होईल. शक्यता एकाहून मोठी कधीच नसते.

चूक नेमकी कुठे होते, ते दोन फेकींवर स्वच्छ दिसतं. दोन फेकींच्या मिळून ३६ जोड्या होतात. पहिल्या फेकीत सहा असलेल्या सहा जोड्या आणि दुसरीत सहा असलेल्याही सहाच. पण (६, ६) ही जोडी दोन्ही यादींत आहे, त्यामुळे बेरीज केली की ती दोनदा मोजली जाते. खऱ्या जोड्या १२ नाहीत, ११ आहेत.

फेकी वाढल्या की हे दुहेरी, तिहेरी मोजलेलं वजा करत बसणं फार किचकट होतं. म्हणून प्रश्न उलटा करायचा. ‘निदान एकदा सहा’ याच्या विरुद्ध काय? ‘एकदाही सहा नाही’. या दोहोंपैकी एक घडणारच आणि दोन्ही एकदम घडणार नाहीत, म्हणून त्यांच्या संभाव्यतांची बेरीज बरोबर १ येते. गणितात अशा जोडीला पूरक घटना म्हणतात. ‘एकदाही नाही’ मोजणं सोपं आहे, कारण ते एकाच प्रकारे घडतं: प्रत्येक फेकीत सहा टळायला हवा. एका फेकीत तो टळण्याची शक्यता ५/६. एका फेकीचा दुसरीवर परिणाम होत नाही, म्हणून गुणाकार करायचा.

```
(५/६)⁴ = ६२५/१२९६
१ − ६२५/१२९६ = ६७१/१२९६ ≈ ०.५१८
```

म्हणजे सुमारे ५१.८ टक्के, निम्म्याहून जेमतेम जास्त.

मग ते ४/६ अगदीच निरर्थक होतं का? नाही, आणि मला या हिशेबातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. चार फेकींचे एकूण १२९६ निकाल आहेत. त्यांपैकी नेमका एक सहा असलेले ५००, दोन असलेले १५०, तीन असलेले २० आणि चारही सहा असलेला १. बेरीज ६७१, म्हणजे आपलंच उत्तर. आता निकाल न मोजता त्यांतले सहा मोजा: ५०० + ३०० + ६० + ४ = ८६४. आणि ८६४/१२९६ म्हणजे बरोबर ४/६! तो आकडा चार फेकींत सरासरी किती सहा पडतात ते सांगतो. प्रश्न मात्र किती निकालांत सहा आहे, हा होता.

इथे प्रमाणावर विसंबून चालत नाही, हे १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातही आलं होतं. शेव्हालिए द मेरे या फ्रेंच लेखकाला कोडं पडलं होतं: एका फाशाच्या सहा शक्यतांना चार फेकी फायद्याच्या, तर दोन फाशांच्या ३६ जोड्यांना २४ फेकींत निदान एकदा दोन्ही सहा पडण्यावर पैज लावणं तोट्याचं कसं? ४ ला ६ तसे २४ ला ३६ हे प्रमाण अगदी बरोबर आहे. पण उलटी वाट धरली की १ − (३५/३६)²⁴ म्हणजे साधारण ०.४९१ येतं. पंचविसावी फेक मिळाली की ते ०.५०६ होतं आणि पारडं फिरतं.

ही रीत वापरताना सर्वांत जास्त घसरतं ते विरुद्ध घटना लिहिताना. १ − (१/६)⁴ असं लिहिलं तर उत्तर जवळजवळ १ येतं. ते ‘चारही वेळा सहा’ याच्या पूरक घटनेचं, म्हणजे निदान एकदा सहा सोडून दुसरं काही पडण्याचं उत्तर आहे. म्हणून आकडे मांडण्याआधी ‘एकदाही नाही’ हे शब्द कागदावर लिहून काढावेत.

दुसरी गोष्ट, ५१.८ टक्के हा आकडा पहिली फेक टाकण्याआधीचा आहे. तीन फेकी कोऱ्या गेल्या, तर उरलेल्या एकीत सहा पडण्याची शक्यता १/६ च राहते. फाशाला मागचं काही आठवत नाही.

याच गुणाकाराने फेकींची संख्याही ठरवता येते. ९० टक्के खात्री हवी, तर ५/६ ला ५/६ नेच गुणत जायचं आणि गुणाकार ०.१ च्या खाली गेला की थांबायचं. बारा वेळा घेतल्यावर तो ०.११२ असतो, तेराव्यांदा ०.०९३. म्हणजे तेरा फेकी लागतात.