दोन व्हीपीएन एकत्र का नांदत नाहीत?

कार्यालयाचा व्हीपीएन आणि स्वतःचा खासगी व्हीपीएन एकाच संगणकावर एकाच वेळी चालू केले की कधी कंपनीची अंतर्गत संकेतस्थळे उघडत नाहीत, कधी सगळे इंटरनेटच थांबते, तर कधी सर्व सुरळीत चालल्यासारखे दिसते आणि माहिती मात्र भलत्याच वाटेने जात असते. याची दोन स्पष्टीकरणे हमखास ऐकू येतात. एक असे की दोन्ही प्रोग्राम परस्परांचे एन्क्रिप्शन बिघडवतात. दुसरे असे की दुहेरी कुलूप लागल्यामुळे थोडा त्रास होतो, पण सुरक्षा दुप्पट होते. पहिले स्पष्टीकरण चुकीचे आहे आणि दुसरे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. हा वाद कुलपाचा नसून वाटेचा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर संगणक प्रत्येक पॅकेटची, म्हणजे जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक छोट्या तुकड्याची, वाट कशी ठरवतो ते पाहावे लागते.

व्हीपीएन क्लायंट, म्हणजे तुमच्या संगणकावरचा व्हीपीएनचा प्रोग्राम, सुरू झाला की तो संगणकात एक आभासी नेटवर्क कार्ड तयार करतो. लिनक्सवर त्याचे नाव बहुधा `tun0` असे असते. या कार्डाकडे आलेले प्रत्येक पॅकेट क्लायंट एन्क्रिप्ट करतो, नव्या पॅकेटमध्ये गुंडाळतो, त्यावर व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता घालतो आणि ते खऱ्या वाय-फाय कार्डातून बाहेर पाठवतो. गुंडाळलेल्या पॅकेटांच्या या वाटेलाच बोगदा म्हणतात. म्हणजे क्लायंटला एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी साधायच्या असतात: इतर सर्व प्रोग्रामांची पॅकेटे बोगद्यात शिरली पाहिजेत, पण त्याने स्वतः गुंडाळलेली पॅकेटे मात्र बोगद्याबाहेरूनच गेली पाहिजेत. या दोन्ही गोष्टी तो सहसा राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कोणत्या पत्त्याचे पॅकेट कुठून पाठवायचे याच्या यादीत, नोंदी करून साधतो, आणि हे टेबल संपूर्ण संगणकासाठी सामाईक असते.

या टेबलाचा नियम एकच आहे, पण मला तो इंटरनेटमधील सर्वांत देखण्या नियमांपैकी एक वाटतो. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा असतो. टेबलातील प्रत्येक नोंद सांगते की पत्त्याचे सुरुवातीचे अमुक इतके बिट जुळले, तर पॅकेट अमुक कार्डातून पाठवावे. तिरकस रेघेनंतरचा आकडा म्हणजे जुळाव्या लागणाऱ्या बिटांची संख्या. एकाच पत्त्याला अनेक नोंदी जुळू शकतात. तेव्हा जिचे सर्वाधिक बिट जुळतात ती नोंद जिंकते. कोणती नोंद आधी झाली, ती कोणत्या प्रोग्रामने केली, तो प्रोग्राम किती महत्त्वाचा आहे, यांपैकी कशाचाही विचार होत नाही. जो पत्ता अधिक नेमका सांगतो, त्याचे ऐकले जाते. १९९३ पासून इंटरनेटवरील पत्त्यांचे वाटप याच नियमाच्या आधाराने चालत आले आहे.

ओपनव्हीपीएन हा व्हीपीएन प्रोग्राम या नियमाचा चतुर वापर करतो. संगणकाची मूळ नोंद `0.0.0.0/0` अशी असते, म्हणजे एकही बिट न जुळवता सर्व पत्ते राउटरकडे पाठवणारी. ती पुसली तर पुन्हा नीट लिहिण्याची जबाबदारी येते. म्हणून `redirect-gateway def1` ही सूचना असेल तर क्लायंट तिला हात न लावता दोन नव्या नोंदी करतो: पहिला बिट शून्य असलेले सर्व पत्ते आणि पहिला बिट एक असलेले सर्व पत्ते. या दोन अर्ध्या भागांत मिळून सारे इंटरनेट येते, आणि एक बिट शून्य बिटांपेक्षा अधिक नेमका असल्यामुळे मूळ नोंद जागेवर राहूनही निष्प्रभ होते.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. खासगी व्हीपीएन अशा प्रकारे चालू आहे. त्यानंतर कार्यालयाचा व्हीपीएन सुरू केला, जो फक्त दहाने सुरू होणारे अंतर्गत पत्ते स्वतःकडे घेतो आणि बाकीच्या वाहतुकीला हात लावत नाही. टेबल साधारण असे दिसेल:

```
0.0.0.0/0        via 192.168.1.1  dev wlan0
0.0.0.0/1        via 10.8.0.1     dev tun0
128.0.0.0/1      via 10.8.0.1     dev tun0
198.51.100.7/32  via 192.168.1.1  dev wlan0
203.0.113.20/32  via 192.168.1.1  dev wlan0
10.8.0.0/24      dev tun0
10.0.0.0/8       dev tun1
```

येथे `wlan0` हे खरे वाय-फाय कार्ड आहे, `tun0` खासगी आहे आणि `tun1` कार्यालयाचा. `/32` असलेल्या दोन नोंदी म्हणजे दोन्ही व्हीपीएन सर्व्हरचे पत्ते. सर्व ३२ बिट जुळत असल्याने त्यांना हरवणारी नोंद असू शकत नाही, आणि म्हणूनच गुंडाळलेली पॅकेटे बोगद्याबाहेरून जातात. कंपनीचा `10.20.5.8` हा सर्व्हर उघडायचा असेल तर त्याला एक बिटाची `tun0` ची नोंद जुळते आणि आठ बिटांची `tun1` ची नोंदही जुळते. आठ जिंकतात आणि पॅकेट कार्यालयात पोहोचते. इथवर दोन्ही व्हीपीएन गुण्यागोविंदाने नांदतात.

पण समजा, कंपनीचा अंतर्गत डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आकड्यांतला पत्ता सांगणारा सर्व्हर, `10.8.0.53` या पत्त्यावर आहे. त्याला आठ बिटांची नोंद जुळते, पण खासगी बोगद्याच्या स्वतःच्या जाळ्याची २४ बिटांची नोंदही जुळते, आणि नियमानुसार २४ जिंकतात. कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरची नावे विचारणारी पॅकेटे खासगी व्हीपीएन पुरवठादाराकडे जातात, उत्तर येत नाही, आणि एकही अंतर्गत संकेतस्थळ नावाने उघडत नाही. पत्ता आकड्यांत टाकला तर मात्र `10.20.5.8` लगेच प्रतिसाद देतो. ही टक्कर तशी दुर्मीळ नाही. १९९६ च्या मानकानुसार खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीनच गट राखीव आहेत आणि सगळे त्यांतूनच निवड करतात. त्यातही `10.8.0.0/24` हे ओपनव्हीपीएनच्या नमुना फाइलमध्येच छापलेले असल्यामुळे असंख्य ठिकाणी जसेच्या तसे वापरले जाते.

निदान करायला अंदाजाची गरज नाही, कारण लिनक्समध्ये संगणकालाच वाट विचारता येते:

```
ip route get 10.8.0.53
```

उत्तरात `dev tun0` दिसले की दोषी सापडला. उपायही त्याच नियमात आहे: `sudo ip route add 10.8.0.53/32 dev tun1` या आज्ञेने ३२ बिटांची नोंद केली की ती २४ बिटांना हरवते. कार्यालयाचा क्लायंट पुन्हा जोडला गेला की ही नोंद पुन्हा करावी लागते, हे मात्र लक्षात ठेवावे.

दोन्ही व्हीपीएनना सर्वच वाहतूक हवी असेल, तर प्रकरण अधिक अवघड होते. दोघेही `0.0.0.0/1` आणि `128.0.0.0/1` लिहू पाहतात, बिटांची संख्या सारखीच असते आणि नियमाला निवड करता येत नाही. अशा वेळी लिनक्सवर दुसऱ्या क्लायंटची नोंद `File exists` असा संदेश देऊन नाकारली जाऊ शकते, आणि मग त्या क्लायंटची खिडकी जोडणी झाल्याचे दाखवत असूनही वाहतूक पहिल्याकडूनच जात राहते. विंडोजमध्ये दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहू शकतात. तेथे मेट्रिक नावाचा आकडा निकाल देतो आणि लहान मेट्रिक जिंकतो. त्यामुळे तीच दोन सॉफ्टवेअरे दोन संगणकांवर वेगवेगळी वागताना दिसतात आणि वापरणारा उगाच बुचकळ्यात पडतो.

आता दुप्पट सुरक्षेच्या दाव्याकडे वळू. वरच्या टेबलात दोन्ही सर्व्हरांकडे जाणारी वाट थेट `wlan0` मधून आहे. याचा अर्थ बोगदे शेजारी शेजारी आहेत, एकात एक नाहीत, आणि प्रत्येक पॅकेट एकदाच एन्क्रिप्ट होते. कार्यालयाच्या सर्व्हरची ३२ बिटांची नोंद नसती, तर `203.0.113.20` या पत्त्याचा पहिला बिट एक असल्याने त्याची पॅकेटे खासगी बोगद्यात शिरली असती आणि खरोखरच दुहेरी गुंडाळणी झाली असती. तेव्हाही लाभ फारसा नाही: कंपनीला तुमचा खरा पत्ता न दिसता व्हीपीएन पुरवठादाराचा पत्ता दिसतो, आणि अनेक कंपन्या अशी जोडणी संशयास्पद म्हणून नाकारतात. ‘लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन’ अशी जाहिरात करणाऱ्यांबद्दल एवढेच म्हणता येईल की ज्या एईएस पद्धतीकडे त्यांचा रोख असतो ती २००१ पासून खुले मानक आहे आणि साध्या ब्राउझरमध्येही वापरली जाते.

खरा धोका नोंदी हरवण्यात आहे. संगणक झोपून उठला किंवा वाय-फाय बदलले की `wlan0` मधून जाणाऱ्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. मग खासगी व्हीपीएनने गुंडाळलेले पॅकेट पुन्हा त्याच्याच बोगद्याकडे पाठवले जाते आणि ते पुन्हा गुंडाळण्यासाठी येते. ओपनव्हीपीएन हे ओळखून `Recursive routing detected` अशी नोंद लॉगमध्ये करतो आणि पॅकेट टाकून देतो. दोन क्लायंट असतील तर अशी फेरी दोघांमध्ये मिळूनही तयार होऊ शकते: पहिल्याची पॅकेटे दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात. दोन्ही खिडक्या हिरव्या असतात आणि बाहेर एकही पॅकेट पडत नाही. काही कार्यालयीन क्लायंट टेबलवर पाळत ठेवून इतरांनी केलेले बदल मागे घेतात. खासगी क्लायंटचा किल स्विच बोगद्याबाहेरची वाहतूक फायरवॉलने अडवतो. या दोघांची गाठ पडली की टेबल कितीही नीट असले तरी उपयोग होत नाही.

बोगद्यात बोगदा असेल तर आणखी एक फसवे लक्षण दिसते: साधा मजकूर येतो, पण मोठी पाने अर्धवट अडकतात. वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्राम पॅकेटच्या आकाराच्या १,५०० बाइटांच्या नेहमीच्या मर्यादेतून गुंडाळणीसाठी ८० बाइट राखून सहसा १,४२० ही मर्यादा धरतो. आतल्या दुसऱ्या वायरगार्डला म्हणून १,३४० च परवडतात, पण त्याला हे कळलेले असेलच असे नाही. आतल्या कार्डाची एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची ही मर्यादा, १,३४० केली की हा अडथळा सहसा दूर होतो.

अँड्रॉइडने हा वादच मुळातून मिटवला आहे. तेथे एका वापरकर्त्याच्या एका प्रोफाइलमध्ये एकाच वेळी एकच व्हीपीएन चालतो. दुसरा सुरू केला की पहिला बंद पडतो. कार्यालयीन प्रोफाइल वेगळे असेल तर तिथे मात्र स्वतंत्र व्हीपीएन चालू शकतो. ब्राउझरच्या ज्या एक्स्टेन्शनना व्हीपीएन म्हटले जाते, ती बहुतेक निव्वळ प्रॉक्सी, म्हणजे फक्त ब्राउझरची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवणारे मध्यस्थ, असतात; ती राउटिंग टेबलला हातच लावत नसल्यामुळे कार्यालयाच्या व्हीपीएनशी भांडत नाहीत, पण ब्राउझरबाहेरच्या कोणत्याही प्रोग्रामचे रक्षणही करत नाहीत.

संगणकावर दोन्ही व्हीपीएन न भांडता चालवायचे असतील तर दोन क्लायंटना दोन वेगळी टेबले द्यावी लागतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक क्लायंट व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, चालवणे, कारण त्या मशीनचे राउटिंग टेबल, डीएनएस आणि फायरवॉल हे सर्व स्वतंत्र असते. लिनक्सवर नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे त्याच संगणकातला नेटवर्कपुरता वेगळा कप्पा, हाच हेतू कमी खर्चात साधतो. मात्र कार्यालयाने दिलेल्या संगणकावर यांपैकी काहीही करण्याआधी तेथील नेटवर्क सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्यावी, कारण अंतर्गत नावांची विचारणा बाहेरच्या पुरवठादाराकडे गेल्याचे त्यांच्या लक्षात आले, तर राउटिंगचा नियम सांगून सुटका होणार नाही.