F + V = E + 2 : गोष्ट मुळात कडांची आहे

शाळेत आपल्याला हे सूत्र एका ओळीत मिळतं. पृष्ठं अधिक शिरोबिंदू बरोबर कडा अधिक दोन. घन घ्यायचा, ६ पृष्ठं, ८ शिरोबिंदू, १२ कडा, १४ बरोबर १४, झालं. मला नेहमी वाटायचं की एवढी सोपी गोष्ट ग्रीकांनाच माहीत असणार, कारण घनाकृतींवर त्यांनी एवढं काम केलंय. पण त्यांच्या लिखाणात हे सूत्र सापडत नाही, ते आलं थेट १७५० मध्ये.

त्या वर्षी १४ नोव्हेंबरला ऑयलर या गणितज्ञाने बर्लिनहून आपल्या मित्राला, गोल्डबाखला, पत्र लिहिलं आणि त्यात हे सूत्र मांडलं. पत्रातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे सूत्राच्या आधी त्याला एक शब्द शोधावा लागला. दोन पृष्ठं जिथे मिळतात त्या रेषेला तोवर वेगळं नावच रूढ नव्हतं, बहुभुजाकृतीला बाजू असते तशीच ही पण ‘बाजू’, असंच चालायचं. त्याने तिला लॅटिनमध्ये ‘आसिएस’ म्हटलं, म्हणजे धार, आपली कड. आणि इतकी साधी गोष्ट आधी कोणाच्या लक्षात कशी आली नाही याचं नवल वाटतं असंही लिहिलं, शिवाय सिद्धता अजून जमलेली नाही हेही सरळ कबूल केलं. पुढे त्याने सिद्धता दिली पण तिच्यात फट राहिली, पक्की सिद्धता १७९४ मध्ये लजांद्रने दिली.

(जाता जाता, देकार्त ऑयलरच्या शंभरेक वर्षं आधीच याच्या अगदी दारापर्यंत पोचला होता. त्याची वही हरवली, लायब्निझने १६७६ मध्ये केलेली नक्कल तेवढी उरली आणि ती उजेडात यायला १८६० उजाडलं. पण त्याने मोजले ते पृष्ठांचे कोन, कडा नाहीत.)

कडा मोजायची युक्तीही त्याच पत्रात आहे आणि ती आजही सगळ्यात भरवशाची. घनाकृती हातात फिरवत कडा मोजल्या की एखादी दोनदा मोजली जाते नाहीतर मागची सुटते. त्यापेक्षा प्रत्येक पृष्ठाच्या बाजू मोजून बेरीज करा आणि दोनाने भागा, कारण प्रत्येक कड दोन पृष्ठांत वाटलेली असते. फुटबॉलचा नेहमीचा आकार घ्या, १२ पंचकोन आणि २० षटकोन. बाजू ६० अधिक १२० म्हणजे १८०, म्हणून कडा ९०. प्रत्येक शिरोबिंदूला तीन कडा येतात आणि प्रत्येक कडेला दोन टोकं, म्हणून शिरोबिंदू १८० भागिले ३ म्हणजे ६०. आता ३२ + ६० = ९२ आणि ९० + २ = ९२. बाजूंची बेरीज विषम आली तर सूत्रापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही, मोजणी तिथेच चुकलेली असते.

पण मोजणी बरोबर असूनही सूत्र जुळत नाही असं होतं का? होतं, आणि हे १८१३ मध्ये लुइलिए या गणितज्ञाने नीट दाखवलं. मोठ्या घनाच्या वरच्या पृष्ठावर मधोमध छोटा घन चिकटवा. शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठं मोठ्याची ६ आणि छोट्याची ५ (खालचं चिकटून गेलं) म्हणजे ११. आता ११ + १६ = २७ पण २४ + २ = २६, एकाचा फरक! मोजणीत काहीच चूक नाही, गडबड त्या वरच्या पृष्ठाची आहे, ते मध्ये भोक असलेल्या चौकटीसारखं झालंय. छोट्या घनाच्या तळाच्या कोपऱ्यापासून मोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारून ती कड धरली की कडा २५ होतात आणि सूत्र जुळतं.

आता खरी गंमत. घनाला वरून खालपर्यंत चौकोनी आरपार भोक पाडा. शिरोबिंदू १६, कडा २४ (बाहेरच्या १२, भोकाच्या १२), पृष्ठं बाहेरून ४, भोकाच्या आत ४, वर-खाली दोन चौकटी, एकूण १०. बघा, १० + १६ = २६ आणि २४ + २ = २६, अगदी चोख जुळलं, आणि तरी हा आकार सूत्रात बसणारा नाहीये! दोन्ही चौकटींवर वरच्यासारखी एकेक रेघ मारा, कडा २६ होतात, मग डावीकडे २६ आणि उजवीकडे २८. आरपार भोकाने दोन कमी केले होते, दोन चौकटींनी दोन वाढवले होते आणि एकमेकांना झाकून टाकलं होतं. म्हणून मी आकडे जुळवायच्या आधी पृष्ठंच तपासतो, एखाद्या पृष्ठाला दोन वेगळ्या किनारी दिसल्या की आधी रेघ मारायची आणि मगच मोजायचं.