अर्जासोबत अनेक फोटो जोडताना क्रमांक आणि नावं कशी द्यावीत, म्हणजे एखादा गहाळ झाला तर कोणता उल्लेख अडला ते लगेच कळेल

ऑनलाइन अर्जात पाच-सात फोटो जोडले, मजकुरात "फोटो ४ पाहा" असं लिहिलं आणि नंतर त्यातला एक फोटो पोचलाच नाही, असं बऱ्याचदा होतं. फोटो हरवला हे लक्षात आलं तर तो पुन्हा पाठवता येतो. खरी अडचण होते ती चुकीचाच फोटो हरवला आहे असं सगळ्यांना वाटतं तेव्हा. हे टाळायची पद्धत सोपी आहे, पण ती फोटो अपलोड करण्याआधी वापरावी लागते.

आधी एक उदाहरण

समजा, सिंकखालच्या पाइपमधून पाणी गळून घराचं नुकसान झालं आणि त्याच्या भरपाईसाठी अर्ज करायचा आहे. अर्जदाराने सात फोटो ओळीने जोडले: १ स्वयंपाकघर, २ सिंकखालचं कपाट, ३ पाइप समोरून, ४ सांध्याला गेलेला तडा, ५ कपाटाचा फुगलेला तळ, ६ भिंतीवरची ओल, ७ पाण्याच्या मीटरचं रीडिंग. मजकुरात हेच आकडे वापरले. फायलींची नावं मात्र फोनने दिलेलीच राहिली.

चौथी फाइल पोर्टलच्या मर्यादेपेक्षा मोठी होती, म्हणून ती साठवली गेली नाही. उरलेल्या सहा फायलींना पोर्टलने स्वतःहून १ ते ६ असे क्रमांक दिले. आता तपासणारा अधिकारी "फोटो ४ मध्ये सांध्याला तडा दिसतो" हे वाचून फोटो ४ उघडतो, तर समोर फुगलेला लाकडी तळ. फोटो ५ मध्ये तळाऐवजी भिंत, फोटो ६ मध्ये भिंतीऐवजी मीटर. आणि फोटो ७ तर नाहीच. त्यामुळे त्रुटी निघते ती "फोटो ७ जोडलेला नाही" अशी. अर्जदार मीटरचा फोटो पुन्हा पाठवतो. आता फायली सात होतात, संख्या जुळते आणि तड्याचा फोटो, ज्यावर सगळा दावा उभा आहे, तो कुणीच मागत नाही.

एक फोटो गेला, चार उल्लेख बिघडले आणि त्रुटी निघाली ती या चारांपैकी सर्वांत निरुपद्रवी उल्लेखाची. कारण एकच: आकडा फोटोचा नव्हता, रांगेतल्या जागेचा होता. जागा सरकली की आकडा सरकतो आणि कुठेही "इथे काहीतरी नाही" असं दिसत नाही.

ही पद्धत कोणत्या अर्जांना लागू होते

अर्जाला दोन किंवा जास्त फोटो जोडायचे असतील आणि मजकुरात त्यांच्याकडे बोट दाखवलेलं असेल, तर ही पद्धत वापरावी. नुकसानभरपाई, तक्रार, हरकत, दुरुस्तीची मागणी, तपासणीचा अहवाल हे सगळे अर्ज यात येतात. जिथे प्रत्येक फोटोसाठी पोर्टलवर नावासह वेगळा रकाना आहे (स्वतःचा फोटो, सही, ओळखपत्र), तिथे याची गरज नाही. तिथे रकानाच लेबलचं काम करतो, शिवाय अशा फोटोंवर काहीही लिहिलेलं सहसा चालत नाही.

तयार ठेवायची कागदपत्रं

- मूळ फोटो, जसेच्या तसे, वेगळ्या फोल्डरमध्ये. यांना हात लावायचा नाही.
- अपलोडसाठी केलेल्या प्रती, पोर्टलला चालेल त्या प्रकारात आणि आकारात. आयफोनचे `.heic` फोटो अनेक पोर्टल घेत नाहीत, ते आधी `.jpg` करून घ्यावेत.
- फोटोंची सूची, एका पानाची, शक्यतो पीडीएफ.
- अर्जाचा मजकूर, परिच्छेदांना क्रमांक दिलेला.

क्रमांक कसा द्यायचा

प्रत्येक फोटोला स्वतःचा कायमचा क्रमांक द्या आणि त्याआधी एक अक्षर लावा: `P01`, `P02`, `P03`. अक्षर लावल्याने हा क्रमांक पोर्टलच्या १, २, ३ मध्ये मिसळत नाही. मजकुरात `P04` दिसलं की वाचणारा `P04` शोधतो, रांगेतला चौथा फोटो उघडत नाही. शून्य लावणंही गरजेचं आहे, कारण बऱ्याच याद्या नावं अक्षराक्षराने लावतात आणि तिथे `P1` नंतर `P10` येतो, `P2` त्याच्याही नंतर.

आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. सूचीत `P04` आणि मजकुरात "पी-०४" असं असेल तर शोध घेताना दुसरा उल्लेख निसटू शकतो. फाइलच्या नावातही रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेषा एवढंच वापरावं. काही पोर्टलवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा टक्क्यांच्या खुणा उमटतात.

```
P03_pipe-samorun.jpg
P04_sandha-tada-javalun.jpg
P05_kapat-tal-fugala.jpg
```

नावं वेगवेगळी असण्याचा आणखी एक फायदा आहे. फोनच्या ब्राउझरमधून थेट कॅमेऱ्याने काढलेले फोटो कधी कधी सगळेच `image.jpg` या नावाने जातात आणि काही पोर्टलवर त्याच नावाची दुसरी फाइल पहिलीला पुसून टाकते. फोटो गायब होण्याचं हे कारण सहज लक्षात येत नाही, कारण अपलोड करताना प्रत्येक वेळी "यशस्वी" असंच दिसतं.

लेबल कसं लिहायचं

क्रमांकाबरोबर तीन-चार शब्दांचं वर्णन असावं. चांगल्या वर्णनाची कसोटी अशी की फोटो समोर नसतानाही तिथे काय असायला हवं होतं ते कळलं पाहिजे. "गळती १", "गळती २" ही लेबलं या कसोटीला उतरत नाहीत. "सांध्याला तडा, जवळून" हे उतरतं. वर्णनाचा दुसरा उपयोग अदलाबदल पकडण्यासाठी होतो. `P04` च्या जागी चुकून भिंतीचा फोटो चढला, तर क्रमांक बरोबर असूनही वर्णन जुळत नाही आणि चूक तिथेच उघडी पडते.

हे लेबल फाइलच्या नावात तर हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. अनेक पोर्टल अपलोड झालेल्या फाइलला स्वतःचं लांबलचक नाव देतात. फोटो वॉट्सअॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवला तर तिथेही नाव बदलतं. अर्ज छापला तर नाव कागदावर येईलच असं नाही. म्हणून अपलोडच्या प्रतीत फोटोच्या खाली, चित्राच्या बाहेर, पांढरी पट्टी जोडून त्यात `P04` आणि वर्णन लिहावं. फोटोच्या अंगावर लिहू नये, नाहीतर खाली काय झाकलं असा प्रश्न निघतो. फोटो अजून काढायचे असतील तर त्याहून सोपं म्हणजे क्रमांकाची चिठ्ठी वस्तूच्या शेजारी ठेवूनच फोटो काढणं. पोर्टलवर वर्णनाचा रकाना असेल तर तिथेही हेच शब्द टाकावेत, जरासुद्धा न बदलता.

सूचीतला तिसरा रकाना

क्रमांक आणि वर्णनाची सूची बहुतेक जण करतात. तिसरा रकाना मात्र सहसा राहून जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच आहे: हा फोटो अर्जात कुठे कुठे वापरला आहे.

| क्रमांक | फोटोत काय आहे | उल्लेख |
|---|---|---|
| P01 | स्वयंपाकघर, दारातून | परि. १ |
| P02 | सिंकखालचं कपाट, दार उघडं | परि. १ |
| P03 | पाइप, समोरून | परि. २ |
| P04 | सांध्याला तडा, जवळून (P03 मधला उजवा सांधा) | परि. २, परि. ५ |
| P05 | कपाटाचा फुगलेला तळ | परि. ३ |
| P06 | भिंतीवरची ओल | परि. ३ |
| P07 | पाण्याच्या मीटरचं रीडिंग | परि. ४ |

सूचीच्या खाली "एकूण फोटो ७" असं लिहा आणि अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातही लिहा. हा आकडा प्रत्येक फाइलच्या नावात घालू नका. पुढे आठवा फोटो द्यावा लागला तर सातही नावं खोटी ठरतील.

आता `P04` नाहीसा झाला तर काय होतं ते पाहा. सूचीत आहे, जोडलेल्या फोटोंत नाही, मधली जागा रिकामी दिसते. बाकी सहा क्रमांक जिथल्या तिथे. तिसरा रकाना सांगतो की परिच्छेद २ आणि ५ अडले. परिच्छेद ५ मध्ये "पाणी सांध्यातूनच आलं" हा निष्कर्ष आहे, म्हणजे हा फोटो तातडीने लागणार. `P06` गेला असता तर एवढी घाई नव्हती, नुकसान `P05` मध्येही दिसतंच.

मजकुरात उल्लेख करताना प्रत्येक क्रमांक सुटा लिहावा. "वरील फोटोत", "शेवटच्या दोन फोटोंत" हे उल्लेख रांगेवर टेकलेले असतात. "`P03` ते `P06`" हेही टाळा. त्यातला एक गेला तर वाक्याचा कोणता भाग निराधार झाला ते कळत नाही.

अर्ज भरल्यावर

हिरवी खूण दिसली म्हणजे काम झालं असं धरू नका. लॉग आउट करून पुन्हा आत जा, प्रत्येक फोटो उघडा आणि सूचीवर टिकमार्क करा. लघुचित्र दिसतं पण पूर्ण फोटो उघडत नाही, असंही होतं. पोचपावतीवर जोडलेल्या फायलींची संख्या असेल तर ती जुळवून पाहा. सूचीची फाइल स्वतः एक जोडपत्र आहे हे मोजताना लक्षात ठेवा: सात फोटो आणि सूची म्हणजे आठ फायली.

फोटो गहाळ झाल्याचं कळलं तर

अर्ज दाखल झाल्यावर क्रमांक पुन्हा लावायचे नाहीत, रिकामी जागा बुजवायची नाही. तोच फोटो, लहान करून का होईना, पुन्हा पाठवत असाल तर तो `P04` च राहतो. त्याऐवजी नव्याने काढलेला दुसरा फोटो देत असाल तर तो `P08`. सूचीत `P04` समोर "उपलब्ध नाही, त्याऐवजी `P08`" असं लिहून सुधारित सूची तारखेसह जोडावी. दोन वेगळ्या फोटोंना एकच क्रमांक मिळाला तर जुनी पत्रं वाचणाऱ्याला कोणता `P04` पाहायचा ते ठरवता येत नाही.

पत्र असं लिहिता येईल:

"अर्जासोबतचा फोटो `P04` (सांध्याला तडा, जवळून) पोर्टलवर दिसत नाही. परिच्छेद २ व ५ मधील उल्लेख या फोटोवर अवलंबून आहेत. तोच फोटो आकार कमी करून पुन्हा जोडत आहे. बाकी सहा फोटो व त्यांचे क्रमांक पूर्वीप्रमाणेच आहेत."

मूळ फोटोही हाती नसेल आणि सांधा बदलून झाला असेल, तर `P08` काढणंही शक्य नसतं. अशा वेळी मजकुरातला उल्लेख गुपचूप काढून टाकू नये. सूचीत `P04` ची ओळ तशीच ठेवून "उपलब्ध नाही" लिहावं. परिच्छेद २ साठी `P03` कडे बोट दाखवता येतं, कारण तोच सांधा तिथे लांबून दिसतो. परिच्छेद ५ मधल्या निष्कर्षासाठी मात्र दुसरा पुरावा द्यावा लागेल, उदाहरणार्थ दुरुस्ती करणाऱ्याचं बिल, ज्यावर सांधा बदलल्याची नोंद आहे. ते बिल फोटो नाही, म्हणून त्याला `P` चा क्रमांक न देता `B01` असा वेगळा क्रमांक द्यावा आणि सुधारित सूचीत शेवटी लिहावं.