क्रियापद येईपर्यंत थांबायचं का? थेट भाषांतराची पार्श्वभूमी

1945 मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चाललं, तेव्हाच दुभाष्यांची अडचण दिसली होती. जर्मन वाक्यात क्रियापद बऱ्याचदा शेवटी येतं. त्यासाठी थांबावं तर मागे पडायचं, न थांबावं तर अंदाजानं बोलायचं. यंत्रानं हीच अडचण वारशात घेतली.

2018 मध्ये एक साधा नियम पुढे आला: ठरावीक शब्द ऐकेपर्यंत गप्प राहायचं आणि मग एक शब्द ऐकला की एक शब्द द्यायचा. सोलापुरात डाळिंबावरच्या भाषणात हा नियम लावून पाहा. वक्ते सांगतात, "फुलोऱ्यात असताना या औषधाची फवारणी दुपारी अजिबात करू नका." तीन शब्दांनी मागे राहणारं यंत्र इंग्रजीत "फुलोऱ्यात" एवढं लगेच सांगतं. पुढचा शब्द मात्र "फवारा" की "फवारू नका", हे त्याला "अजिबात" ऐकण्याआधीच ठरवावं लागतं. तेलुगू किंवा कन्नडमध्ये हा पेच जवळजवळ नाही. तिथेही मनाई शेवटीच, "चेयवद्दु", "माडबेडि". सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू श्रोत्यांसाठी कमी थांबूनही भागतं, इंग्रजीसाठी भागत नाही. सगळ्या भाषांना एकच आकडा लावणं इथेच चुकतं.

खरा वाद झाला तो दुरुस्तीवर. एका गटाचं म्हणणं होतं की उपशीर्षक लगेच दाखवा आणि पुढचं ऐकू आलं की बदला. यात विलंब नगण्य होतो आणि शेवटचं वाक्य पूर्ण वाक्याच्या भाषांतराइतकं चांगलं निघतं. पण पडद्यावर आधी "फवारा" दिसतं आणि दोन सेकंदांनी "फवारू नका". मधल्या वेळात कुणी वहीत उतरवून घेतलं तर ती दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून शेवटचे काही शब्द झाकून ठेवायची पद्धत आली. त्यानं मजकूर कमी हलतो, पण वाचवलेला विलंब परत येतो. शिवाय कानात ऐकवायचं असेल तर हा मार्गच बंद, कारण बोललेला शब्द मागे घेता येत नाही. शेतीच्या सल्ल्यात मला थांबणंच बरोबर वाटतं. चार सेकंद उशीर चालेल, उलटा सल्ला नको.

पुढे मधला मार्ग रूढ झाला. थोडा थोडा आवाज घेऊन दर वेळी नव्यानं भाषांतर करायचं आणि लागोपाठच्या दोन भाषांतरांचा सुरुवातीचा जेवढा भाग जुळेल तेवढाच पक्का करायचा. बहुतेक वाक्यांत हे छान जमतं. पण "फवारणी" आणि "दुपारी" या दोन्ही ठिकाणी यंत्राचा अंदाज "फवारा" असाच असेल, तर चूक जुळते आणि पक्की होते. गुणवत्तेच्या सरासरी गुणांत ती दिसत नाही, कारण बाकीचे सगळे शब्द बरोबर असतात. ती पकडायची तर नकारार्थी वाक्यं वेगळी काढून तपासावी लागतात.