लाडाची नावे (मराठी)

मराठी कुटुंबात बारशाला ठेवलेले नाव आणि घरात हाक मारण्याचे नाव ही बहुधा वेगळी असतात. दुसऱ्याला घरचे नाव, लाडाचे नाव किंवा टोपणनाव म्हणतात. यांतील काही नावांचा मूळ नावाशी संबंध नसतो (बंडू, छकुली, पिंटू). काही नातेवाचक असतात (बापू, तात्या, अण्णा, माई). प्रस्तुत नोंद मूळ नाव आखडून त्याला प्रत्यय लावल्याने होणाऱ्या नावांपुरती आहे. त्यांत पुरुषनामांना लागणारे -या, -ऊ आणि -ओबा हे तीन प्रत्यय मुख्य होत. एकाच नावाला तिन्ही लागू शकतात, आणि कोणता लागला यावर बोलणाऱ्याचे नाते कळते.

नाव आखडण्याची रीत. नावातला पहिला स्वर आणि त्याच्या पुढचे व्यंजन एवढा भाग राखला जातो, बाकीचा गळतो. रमेशचा रम्-, दिनेशचा दिन्-, सुनीलचा सुन्-. राखलेल्या भागात अनुस्वार असेल तर तो आणि त्याच्या पुढचे व्यंजन दोन्ही टिकतात : मंगेश–मंग्या, संतोष–संत्या. आरंभीच्या जोडाक्षरातला र सहसा गळतो : प्रकाश–पक्या, प्रमोद–पम्या, प्रदीप–पद्या. पुढे य आला की स चा श होतो, म्हणून वसंतचा वश्या. यामुळे प्रसाद आणि प्रशांत हे दोघे एकाच वाड्यात असले, तर दोघेही पश्या होतात आणि ओळखीसाठी ‘मोठा पश्या’, ‘जोशांचा पश्या’ असे काहीतरी जोडावे लागते. मधले व्यंजन ह असल्यास ही रीत अडते. राहुलचे ‘राह्या’ तोंडात नीट बसत नाही. म्हणून नाव न तोडता राहुल्या करतात. गोविंदचा गोंद्या हा नव्याने केलेला तुकडा नव्हे. त्यामागे गोंदा हे जुने, बोलीत झिजलेले रूप आहे.

-या लागलेल्या नावाचा उच्चार लेखनावरून ओळखता येत नाही, आणि परभाषकांची चूक नेमकी येथे होते. रमेशचा रम्या म्हणताना म् दुहेरी होत नाही आणि र वर आघात येत नाही. रम्या हे मुलीचे संस्कृत नाव उच्चारताना मात्र दोन्ही होते. ‘पुण्याचे काम’ म्हणजे सत्कर्म की पुणे शहरातले काम, हे ज्या भेदाने कळते तोच हा भेद होय. र च्या बाबतीत लिपीने त्याची सोय केली आहे. सुरेशचा सुऱ्या आणि नारायणचा नाऱ्या ही नावे ‘ऱ्य’ने लिहितात, ‘र्य’ने नाही, कारण ‘र्य’ मागच्या अक्षरावर आघात आणतो. इतर व्यंजनांसाठी असे वेगळे चिन्ह नाही.

-या प्रत्ययाची व्युत्पत्ती. याविषयी मुख्यतः दोन मते संभवतात. पहिल्या मताप्रमाणे हा लाकूडतोड्या, घरबुडव्या यांतला कर्तृवाचक -या होय. मात्र तो प्रत्यय धातूला लागतो आणि ‘अमुक करणारा’ असा अर्थ देतो. रम्या किंवा पक्या यांत असा अर्थ शोधून सापडत नाही. काळ्या, टकल्या यांसारखी शरीरावरून पडलेली नावे या दोहोंच्या मध्ये उभी आहेत एवढे म्हणता येते.

दुसऱ्या मताप्रमाणे हे मुळात आकारान्त नावाचे संबोधनाचे व सामान्यरूप होय : घोडा–घोड्या, तसे तुका–तुक्या, नामा–नाम्या. संतांच्या अभंगांतील नाममुद्रा आखडलेल्या आकारान्त नावांच्याच आहेत : ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. जनाबाईच्या अभंगांत ‘नामयाची जनी’ असे येते. त्यातील नामया हे नामा या शब्दाचे जुने सामान्यरूप असून आजच्या मराठीत ते नाम्या होईल. घरात नाव सर्वांत जास्त वेळा ऐकू येते ते हाकेत. हाकेचे रूपच पुढे नाव म्हणून रूढ झाले आणि ‘नाम्या, ये’ यावरून ‘नाम्या आला’ म्हटले जाऊ लागले, हे सहज पटण्यासारखे आहे. यावर एक आक्षेप राहतो. स्त्रीनामांत सुमीला हाक मारताना सुमे म्हणतात. पण ‘सुमे आली’ असे कोणी म्हणत नाही, म्हणजे तिथे हाकेचे रूप नाव झालेले नाही. तरीही सुमी हे ईकारान्त रूप स्त्रीनाम म्हणून आधीच पुरे होते आणि आखडलेल्या ‘रम्’, ‘पक्’ यांना तसा आधार नव्हता, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

नामयाची जनी या शब्दांत नामदेवांविषयी अनादराची छटाही नाही. तेच रूप आज एखाद्या वडीलधाऱ्याच्या नावाला लावले तर उद्धटपणा ठरेल. रूप बहुतांशी तेच राहून त्याची पायरी उतरली, असा हा प्रकार आहे.

-ओबा प्रत्यय. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा, राघोबा यांतील अखेरचा ‘बा’ हा बाप, बाबा यांच्या कुळातला आदरवाचक शब्द आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. प्रश्न आहे तो त्याच्या आधीच्या ‘ओ’चा.

एक स्पष्टीकरण असे की जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामांची प्रथमा उकारान्त वा ओकारान्त असे (रावो, देवो), आणि तोच स्वर बा जोडताना टिकला. दुसरे स्पष्टीकरण ध्वनिबदलाचे आहे. -अव किंवा -एव शेवटी असलेली नावे बोलीत ओकारान्त होतात : माधव–माधो, केशव–केसो, महादेव–महादो. अशा नावांना बा लागून आधी तयार नमुने झाले आणि नंतर ‘ओबा’ हा सबंध प्रत्यय समजून तो इतर नावांना लावला गेला. या दृष्टीने राघोबा हे नाव उद्बोधक आहे. पेशवे रघुनाथराव यांना राघोबा किंवा राघोबादादा म्हणत. पण रघुनाथ आखडून ‘रघोबा’ व्हायला हवे होते. पहिला दीर्घ आ केवळ राघव–राघो या वाटेने येऊ शकतो. दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी नाहीत. देवो, रावो यांसारखी रूपे जिथे रूढ होती तिथे केसो, माधो यांचा ओ वेगळा ओळखू येण्याचे कारण नव्हते.

प्रत्यय जुना आहे. महानुभाव परंपरेत नागदेवाचार्यांना भटोबास आणि केशिराजांना केसोबास म्हणतात. स्त्रियांच्या नावांत बाइसा, महदाइसा, उमाइसा अशी रूपे येतात. अखेरचा स किंवा सा हा आणखी एक आदराचा थर दिसतो. ही रूपे ज्यात येतात त्या लीळाचरित्र या महानुभाव ग्रंथाची रचना परंपरेने 1278च्या सुमारास मानली जाते. मूळ पोथी नष्ट होऊन ग्रंथ पुन्हा स्मरणातून सिद्ध झाला, असे परंपराच सांगत असल्याने त्यातील प्रत्येक रूप तेराव्या शतकातले मानणे धाडसाचे ठरेल. ओबा घटक यादवकाळी रूढ असावा, एवढेच म्हणणे सुरक्षित आहे.

घरात -ओबा दोन दिशांनी चालतो. वडीलधाऱ्याला तो आदर देतो. लहान मुलाला लावला की ते कौतुक होते : रांगत उंबऱ्यापर्यंत आलेल्या नातवाला आजी ‘या सदोबा’ म्हणते आणि त्याच्यासाठी बहुवचनी क्रियापद वापरते. चांदोबा, वाघोबा, नागोबा यांतही आदर आणि लाड यांचे असेच मिश्रण आहे.

एक उदाहरण : विनायक. विनायक नरहरी भावे (1895–1982) यांना आई विन्या म्हणत असे. 1916मध्ये ते गांधीजींच्या कोचरब येथील आश्रमात आले आणि पुढे विनोबा झाले. हे नाव गांधीजींनी दिले असे बहुतेक ठिकाणी म्हटलेले असते. आश्रमातील मामा फडके यांनी ते प्रथम योजले असेही सांगितले जाते. नावाचा घाट संतनामांचा असून तो मराठी कानालाच सुचण्यासारखा आहे, हे पाहता दुसरा वृत्तांत सहज बाजूला सारू नये. त्यांचे धाकटे बंधू बाळकृष्ण हे बाळकोबा झाले. तिथे क राखला गेला, म्हणजे आखडताना ‘कृ’तले व्यंजन टिकले.

विन्या आणि विनोबा यांचे अंग एकच, ‘विन्’. फरक सारा प्रत्ययात आहे, आणि तो क्रियापदावरून तपासता येतो. ‘विन्या आला’ हेच शक्य आहे. ‘विन्या आले’ हे मराठीत बसत नाही. ‘विनोबा आले’ हे स्वाभाविक आहे. मधला विनू दोन्हीकडे चालतो : मुलगा असताना ‘विनू आला’, आणि पुतण्यांच्या तोंडी ‘विनूकाका आले’. नातेवाचक शब्द जोडता येणे ही दुसरी कसोटी होय. राजूदादा, सदूकाका, चंदूमामा ही नावे घरोघर ऐकू येतात, पण राज्यादादा किंवा सद्याकाका ऐकू येत नाहीत. म्हणून -या लागलेले नाव बरोबरीच्यांत आणि थोरांकडून धाकट्यांकडेच राहते, तर -ऊ लागलेले नाव माणसाबरोबर वयाने वाढते आणि अनेकदा म्हातारपणीही टिकते. एकाच आईच्या तोंडी एकाच मुलाची दोन्ही रूपे असू शकतात. जेवायला बोलावताना विनू, आणि दुसऱ्या हाकेलाही आला नाही तर विन्या.

स्त्रीनामे. आखडण्याची रीत तीच. प्रत्यय -ई आणि -ऊ. सुमन–सुमी, यमुना–यमी, मंगला–मंगी. शकुंतला–शकू, मालती–मालू, सरस्वती–सरू. -ई हा -या चा जोडीदार आहे आणि त्याच पायरीवर चालतो. शकूताई, मालूमावशी म्हणतात, पण थोरलीला सुमीताई सहसा म्हणत नाहीत. तिथे पूर्ण नाव परत येते किंवा नुसते ताई उरते. आदरासाठी -आई लागते (मुक्ताई, जनाई), परंतु ओबाप्रमाणे घरातल्या लहान मुलींसाठी ती फारशी वापरात नाही. त्या जागी लघुत्ववाचक -उली येते : सोनुली, छकुली. सुनंदाची नंदू हे शेवटचा भाग राखल्याचे उदाहरण आहे. नंदा हे स्वतंत्र नाव असल्यामुळेच ते शक्य होते.

लाडाचे नाव अधिकृत होणे. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते. बाळ हे घरचे नाव पुढे स्वाक्षरीत आणि इतिहासात राहिले. मराठीचे व्याकरण 1836मध्ये प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या नावात -ओबा हा प्रत्यय आहे. -ऊ आणि -ओबा लागलेली नावे अशी सार्वजनिक झालेली दिसतात. -या लागलेले नाव त्या वाटेने क्वचितच जाते. अभिनेते लक्ष्मीकांत बेर्डे यांचे लक्ष्या हे ठळक उदाहरण, आणि तिथेही प्रेक्षकांनी ते नाव घेतले ते मित्राला हाक मारावी तसे.