पाव कार्बन गेला, मग कोळसा किती जुना?

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की जुनापाणीला दगडांची वर्तुळं लागतात. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. परवा बारावीच्या मुलांना मी तिथलंच एक गणित घातलं. समजा, अशा वर्तुळाखाली कोळशाचा तुकडा मिळाला आणि त्यात मूळच्या कार्बन-१४ पैकी ७५ टक्के शिल्लक आहे. अर्धायुकाल ५७३० वर्षं. कोळसा किती जुना?

बहुतेक वह्यांमध्ये एकच उत्तर होतं, २८६५. निम्मा कार्बन जायला ५७३० वर्षं लागतात, मग पाव जायला त्याच्या निम्मी. एका मुलीने विचारलं, “सर, यात चुकलं कुठे?”

चूक अशी की कार्बन ठरावीक मापाने घटत नाही, ठरावीक पटीने घटतो. प्रत्येक अणू फुटण्याची शक्यता कायम सारखीच असते. म्हणून अणू जास्त असताना जास्त फुटतात, आणि सुरुवातीची घट मोठी असते. २८६५ वर्षांत कार्बन काही पट उरतो, पुढच्या २८६५ वर्षांत उरलेल्याच्या पुन्हा तितकेच पट. ज्या संख्येला स्वतःनेच गुणल्यावर अर्धा येतो, ती ०.७०७. म्हणजे २८६५ वर्षांनी ७०.७ टक्केच उरायला हवा होता. आपल्याकडे ७५ आहे, तर कोळसा त्याहून तरुण.

नेमका किती, ते या सूत्रातून निघतं. N₀ मूळची मात्रा, N उरलेली, T अर्धायुकाल:

```
N = N₀ × (1/2)^(t/T)
t = T × log(N₀/N) / log 2
```

१०० भागिले ७५ म्हणजे १.३३३. त्याचा लॉग ०.१२४९, दोनचा ०.३०१०. भागाकार ०.४१५, म्हणजे अर्धा अर्धायुकालही पुरता झालेला नाही. त्याला ५७३० ने गुणलं की सुमारे २३७८ वर्षं. वहीतलं उत्तर जवळजवळ पाचशे वर्षांनी चुकलं होतं.

मोजमापात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, ७५ ऐवजी ७४.५ आले, तर इथे वय फक्त ५५ वर्षांनी वाढतं. पण नमुन्यात एकच टक्का उरला असेल, तर वय ३८ हजारांच्या आसपास येतं, आणि तोच अर्धा टक्का उत्तर सुमारे ३३५० वर्षांनी अलीकडे किंवा पावणेसहा हजार वर्षांनी मागे नेतो. म्हणूनच पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत सहसा वापरत नाहीत.

पुरातत्त्वातली खरी तारीख काढताना आणखी एक दुरुस्ती लागते, कारण हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखा नव्हता. लाकडाच्या वर्षवलयांवरून तो फरक काढतात. आणि कोळसा जुन्या सागाच्या गाभ्यातला असेल, तर मिळालेलं वय तो जाळल्याचं नसतं. गाभ्यातली वलयं तयार झाली तेव्हाच त्यांनी हवेतला कार्बन घेणं थांबवलेलं असतं, झाड मात्र पुढे शंभर वर्षं उभं राहिलेलं असू शकतं.