एकाच पासबुकात दोन प्रकारचे व्याज: मासिक उत्पन्न खात्याचे आणि बचत खात्याचे

पोस्टात मासिक उत्पन्न योजनेचे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या एमआयएसचे, खाते उघडणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा दोन पासबुके येतात. एक मुदतीच्या रकमेचे आणि दुसरे त्याला जोडलेल्या बचत खात्याचे. मुद्दल पहिल्या पासबुकात असते, परंतु तिचे व्याज दुसऱ्या पासबुकात जमा होते. त्याच दुसऱ्या पासबुकात बचत खात्याचे स्वतःचे व्याजही येते, आणि दोन्ही नोंदी ‘व्याज जमा’ अशाच स्वरूपाच्या दिसत असल्यामुळे घोटाळा सुरू होतो. मार्चअखेरची नोंद पाहून ‘या महिन्यात व्याज एवढे कमी कसे’ असे विचारणारे खातेदार प्रत्यक्षात दोन वेगळ्या खात्यांच्या व्याजांची तुलना करत असतात.

एमआयएसच्या व्याजाचा हिशेब सरळ आहे. एप्रिल २०२३ पासून उघडलेल्या खात्यांना वार्षिक ७.४ टक्के दर मिळू लागला. सरकार दर तिमाहीला नवे दर जाहीर करत असले, तरी खाते उघडताना असलेला दर त्या खात्यापुरता पाचही वर्षे कायम राहतो. वर्षाच्या व्याजाचे बारा समान भाग केले की महिन्याची रक्कम मिळते. समजा एका निवृत्त शिक्षिकेने १२ जून २०२४ रोजी सहा लाख रुपयांचे खाते उघडले. सहा लाखांचे वर्षाचे व्याज ४४,४०० रुपये, म्हणून दरमहा ३,७०० रुपये. येथे महिना म्हणजे पंचांगातला किंवा पगाराचा महिना नव्हे. तो खाते उघडलेल्या तारखेपासून मोजला जातो. त्यामुळे पहिले व्याज ३० जूनला किंवा १ जुलैला येत नाही, ते १२ जुलैला देय होते, आणि पुढेही दर महिन्याच्या १२ तारखेलाच. रक्कमही ठरलेली आणि तारीखही ठरलेली, ही या नोंदीची ओळख होय. पासबुकात एकाच तारखेला, एकाच रकमेची, दर महिन्याला पुन्हा येणारी जमा दिसली, तर ती एमआयएसची समजावी.

बचत खात्याच्या व्याजात यांपैकी रक्कम ठरलेली नसते आणि नोंद महिन्याला येत नाही. दर वार्षिक ४ टक्के आहे, आणि तो डिसेंबर २०११ पासून बदललेला नाही. व्याजाची आकारणी दर महिन्याला होते, पण ते आर्थिक वर्षाच्या शेवटी एकरकमी जमा होते. म्हणून वर्षभरात या व्याजाची एकच नोंद दिसते, मार्चअखेरची. आकारणीचा नियम मात्र बारकाईने वाचावा असा आहे. महिन्याच्या १० तारखेचे कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहिली असेल, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचे व्याज धरले जाते. ती शिल्लक ५०० रुपयांच्या खाली गेली, तर त्या महिन्याचे व्याजच मिळत नाही.

आता हे दोन नियम एकमेकांना कुठे भेटतात ते पाहावे, कारण पासबुकातली कोडी तिथेच तयार होतात.

त्या शिक्षिकेच्या बचत खात्यात आधीपासून फक्त ५०० रुपये होते आणि तिने मार्चपर्यंत काहीही काढले नाही, असे धरू. १२ जुलैला ३,७०० रुपये आले आणि शिल्लक ४,२०० झाली. तरीही जुलैचे व्याज ४,२०० रुपयांवर मिळत नाही, कारण १० तारखेनंतर, ११ जुलैला, खात्यात ५०० रुपयेच होते आणि सर्वांत कमी शिल्लक तीच ठरते. जुलैत आलेले पैसे व्याजासाठी ऑगस्टपासून मोजले जातात, ऑगस्टमधले सप्टेंबरपासून. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांसाठी दरमहा ५०० रुपये, ऑगस्टसाठी ४,२००, सप्टेंबरसाठी ७,९००, असे दर महिन्याला ३,७०० ने वाढत मार्चसाठी ३०,१०० रुपये धरले जातात. या बाराही रकमांची बेरीज १,३९,२०० होते. तिच्यावर ४ टक्के दराने एका महिन्याचे व्याज काढले की ४६४ रुपये येतात. मार्चअखेरची नोंद ही एवढीच. वर्षभरात एमआयएसचे नऊ वेळा मिळून ३३,३०० रुपये आले आणि त्याच पासबुकात बचत खात्याने स्वतःचे म्हणून ४६४ रुपये दिले.

तेच एमआयएस खाते १२ जूनऐवजी ५ जूनला उघडले असते, तर एमआयएसच्या व्याजात एक पैशाचाही फरक पडला नसता. महिन्याची रक्कम ३,७०० रुपयेच, आणि मार्चअखेरपर्यंत हप्ते नऊच. पण ते ५ तारखेला, म्हणजे १० तारखेच्या आत जमा झाल्यामुळे प्रत्येक हप्ता आला त्याच महिन्यापासून मोजला गेला असता. जुलैची सर्वांत कमी शिल्लक ४,२०० आणि मार्चची ३३,८०० झाली असती, बेरीज १,७२,५०० रुपये झाली असती, आणि बचत खात्याचे व्याज ५७५ रुपये मिळाले असते. फरक १११ रुपयांचा आहे. एवढ्यासाठी कुणी खाते उघडण्याचा दिवस बदलावा असे मला वाटत नाही. मात्र एकाच दिवशी पासबुक भरून घेतलेल्या दोन शेजाऱ्यांच्या मार्चच्या नोंदी वेगळ्या का दिसतात, याचे उत्तर या तारखेत असते आणि त्यात पोस्टाची चूक नसते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. १२ तारखेला आलेले ३,७०० रुपये कुणी पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला काढत असेल, तर ते चार आठवडे खात्यात पडून राहूनही त्यांवर काहीच व्याज मिळत नाही. आले त्या महिन्यात ते १० तारखेनंतर आले, आणि पुढच्या महिन्यात १० तारखेच्या आत निघून गेले. अशा रीतीने वर्षभर व्याज काढून घेणाऱ्या खातेदाराची मोजली जाणारी शिल्लक बाराही महिने ५०० रुपयेच राहते आणि मार्चअखेर त्याला फक्त २० रुपये दिसतात. हे २० रुपये म्हणजे सहा लाखांवरचे व्याज नव्हे, ते ५०० रुपयांवरचे आहे.

नोंदींची ओळख पटल्यावर नेमके काय चुकले ते शोधणेही सोपे होते. १ एप्रिल २०२२ पासून एमआयएसचे व्याज रोखीने देणे बंद झाले आहे. ते खातेदाराच्या पोस्टातल्या बचत खात्यात किंवा बँक खात्यातच जमा होते. खाते जोडलेले नसेल, तर व्याज पोस्टाच्या एका अंतर्गत खात्यात पडून राहते आणि नंतर तेथून बचत खात्यात जमा करून किंवा धनादेशाने मिळते. या पडून राहिलेल्या व्याजावर आणखी व्याज मिळत नाही. म्हणजे न उचललेले व्याज आणि बचत खात्यात शिल्लक ठेवलेले व्याज या दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन अवस्थांमध्येही फरक आहे. पहिल्यावर काहीही मिळत नाही, दुसऱ्यावर वर सांगितलेल्या नियमाने ४ टक्के मिळतात. त्यामुळे एमआयएस खाते उघडून महिना उलटल्यावर ठरलेल्या तारखेनंतर बचत खात्याचे पासबुक एकदा भरून घ्यावे. महिन्याची ठरलेली रक्कम दिसली नाही, तर दोन्ही पासबुके घेऊन जावे आणि व्याज आपोआप वर्ग करण्याचा एसबी-८३ हा अर्ज दिला आहे की नाही, हे विचारावे. एमआयएस एका गावच्या पोस्टात आणि बचत खाते दुसऱ्या गावच्या पोस्टात असले, तरी दोन्ही कार्यालये कोअर बँकिंगमध्ये असतील तर जोडणी होऊ शकते. एमआयएसच्या पासबुकात शिल्लक सहा लाखच दिसते आणि ती वाढत नाही, म्हणून काही चुकले असे समजू नये. या योजनेत व्याज मुद्दलात मिळवले जात नाही.

ही दोन व्याजे वेगळी ओळखण्याची खरी गरज प्राप्तिकराच्या विवरणपत्रात भासते. दोन्ही रकमा एकाच पासबुकातून उतरवून घेतल्या जातात आणि ३३,७६४ रुपये ‘बचत खात्याचे व्याज’ म्हणून लिहिले जातात. जुन्या करप्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीला बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, परंतु ती एमआयएसच्या व्याजाला लागू नाही. वरच्या उदाहरणात वजावटीस पात्र रक्कम फक्त ४६४ रुपये आहे. उरलेले ३३,३०० रुपये मुदतीच्या ठेवीवरचे उत्पन्न आहे आणि बचत खात्यातून हाती आले म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंतची जी वजावट आहे, तिच्यात मात्र दोन्ही प्रकारचे व्याज येते, म्हणून त्यांचे या गल्लतीने फारसे बिघडत नाही. नव्या प्रणालीत यांपैकी कोणतीच वजावट नाही.

पाच वर्षांनी, म्हणजे या उदाहरणात १२ जून २०२९ रोजी, साठावे ३,७०० रुपये येतात आणि मासिक नोंद थांबते. त्यानंतरही पासबुकात मार्चअखेरचे व्याज येतच राहते, कारण बचत खाते चालूच असते, आणि ते पाहून एमआयएसही चालू आहे असा समज काही जणांचा होतो. मुद्दल मात्र आपोआप बचत खात्यात येत नाही आणि खात्याचे नूतनीकरणही आपोआप होत नाही. खाते बंद करण्याचा अर्ज आणि एमआयएसचे पासबुक पोस्टात द्यावे लागते, तेव्हा सहा लाख रुपये बचत खात्यात जमा होतात. ती जमा १० तारखेनंतर झाली, तर त्या महिन्यापुरते त्या सहा लाखांवर बचत खात्याचेही व्याज मिळत नाही. पुन्हा एमआयएस उघडायचे असल्यास त्याच भेटीत नवा अर्ज द्यावा. त्या दिवशी जो दर लागू असेल, तो पुढच्या पाच वर्षांसाठी धरला जाईल आणि व्याजाची तारीखही नव्या दिवसाप्रमाणे बदलेल.